नळ चकचकीत केला आणि मुलामा घालवला

बेसिनच्या नळाच्या बुडाशी क्षारांचं पांढरं कडं साचलं होतं. साबणाने हलेना म्हणून एका रविवारी मी त्यावर टॉयलेट क्लीनर ओतलं. फस्‌ असा आवाज झाला, बुडबुडे आले, दोन मिनिटांत कडं नाहीसं. उरलेल्या ठिपक्यांवर भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणी चालवली. नळ नव्यासारखा दिसायला लागला. त्याच उत्साहात शॉवरखालच्या काळ्या मॅट नळावरही पावडरीचा एक हात फिरवला.

महिन्याभराने क्रोमच्या नळाच्या मानेवर पिवळसर छटा दिसू लागली. पुन्हा क्षार साचले असावेत असं समजून मी पुन्हा घासलं. छटा गेली नाही, उलट पसरली, आणि तिच्या मधोमध हिरवट ठिपके उमटले.

नळ काढून प्लेटिंगचं काम करणाऱ्या एका कारागिराला दाखवला. त्याने तो उजेडात फिरवून पाहिला आणि विचारलं, "ताई, अ‍ॅसिड लावलं होतं का?" मी म्हटलं, "थोडंसंच." तो हसला. "आम्हाला जुना क्रोम उतरवायचा असतो ना, तेव्हा आम्हीही तेच वापरतो."

मग त्याने सांगितलं ते असं. नळ आतून पितळेचा. त्यावर निकेलचा थर, साधारण 10 मायक्रॉनचा. आणि त्यावर क्रोमियम, जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर आपण ज्याला नळाची चमक म्हणतो तो थर त्याच्या शंभराव्या भागाइतकाही नाही. क्रोमियम टिकतं ते त्याच्या पृष्ठभागावर आपोआप तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. त्यातलं क्लोराइड हा पापुद्रा फोडतं आणि अ‍ॅसिड खालचं क्रोमियम विरघळवतं. म्हणजे मला दिसलेले बुडबुडे सगळेच क्षारांचे असतील असं नाही. पिवळसर छटा होती ती उघड्या पडलेल्या निकेलची, आणि हिरवट ठिपके पितळेपर्यंत पोचलेल्या गंजाचे.

पावडरीचं काय, हे मला पटत नव्हतं. क्रोमियम तर फार कठीण धातू. त्याचं म्हणणं, कठीण आहे पण पातळ आहे, आणि खाली निकेल त्यामानाने मऊ. गादीवर काचेचा पातळ तुकडा ठेवून त्यावर खडा दाबला तर काय होईल? पावडरीचे टोकदार कण दाबून फिरले की थरावर बारीक ओरखडे आणि तडे पडतात, आणि पाणी व अ‍ॅसिड त्यातूनच आत शिरतं. मी आधी अ‍ॅसिड आणि मग पावडर असा क्रम लावला होता, म्हणजे दोघांना एकमेकांची मदतच करून दिली.

नळ पुन्हा मुलामा देऊन मिळेल का, हेही विचारलं. मिळतो, पण जुना थर उतरवायचा, पितळ पॉलिश करायचं, निकेल आणि क्रोम नव्याने चढवायचं. साध्या नळासाठी एवढा खटाटोप परवडत नाही. मी नवा नळ बसवला.

नव्या नळावर पंधरा दिवसांत पुन्हा पांढरे डाग आलेच, पाणी तेच. आता हात लावण्याआधी मी एक तपासणी करते: डागावर पाण्याचं बोट फिरवते. ओलं असताना पांढरेपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला, बोटाला खरखरीत लागला, तर ते क्षार. ओल्यातही रंग तसाच राहिला आणि स्पर्श गुळगुळीत असेल, तर बहुधा थरच गेला आहे आणि तिथे घासून काही हाती लागणार नाही. ही तपासणी मला आधी माहीत असती, तर पिवळी छटा मी दुसऱ्यांदा घासली नसती.

क्षारच असतील तर क्रोमवर मी व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात सुती कापड भिजवते, पिळते आणि डागाभोवती गुंडाळते. पाच मिनिटं, घड्याळ लावून. व्हिनेगर नसेल तर कपभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व. मग कापड काढून भरपूर पाण्याने धुते आणि कोरडं पुसते. जाड थर एकदम जात नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटं. रात्रभर गुंडाळून ठेवायचा मोह होतो, पण सौम्य अ‍ॅसिडही जास्त वेळ मिळालं की बारीक छिद्रांतून आत जातं. लिंबावर मीठ घालून घासायचा घरगुती उपाय मी मुद्दाम टाळते: मीठ म्हणजे क्लोराइड, आणि शिवाय त्याचे खडे. तोंडाची जाळी फिरवून काढून वेगळी व्हिनेगरमध्ये भिजवली की नळाला त्रास होत नाही.

काळा मॅट नळ ही वेगळीच गोष्ट. त्यावर धातूचा नव्हे, भाजून बसवलेल्या पावडर कोटिंगचा थर होता. मॅट दिसतं ते पृष्ठभागावरच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे, त्यावर उजेड विखुरतो. घासलं की खडबडीतपणा सपाट होतो आणि तिथे चकाकणारा पट्टा उमटतो. माझ्या नळावर तो उमटलाच होता, मी एकदाच हात फिरवला होता तरी. तो परत मॅट करता येत नाही. सोबतच्या पत्रकात अ‍ॅसिड आणि थिनर दोन्ही नको असं लिहिलं होतं. आता कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून भिजवलेला मायक्रोफायबर कपडा त्यावर पंधरा मिनिटं ठेवते, मग हलक्या हाताने पुसते. खरं सांगायचं तर सगळे क्षार जात नाहीत, हलकी राखाडी झाक राहते. ती मी सोसते.

सोनेरी नळ घेणाऱ्यांना विक्रेते अनेकदा पीव्हीडी कोटिंग सांगतात. निर्वात कक्षात चढवलेला तो थर फार कठीण असतो, ओरखडे सहसा पडत नाहीत. पण तोही मायक्रॉनच्या आसपासचाच, त्यात छिद्रं असतात, आणि अ‍ॅसिड त्यांतून खालच्या निकेल-पितळेला गाठतं. सोनेरी रंग नुसत्या लॅकरचा असेल तर घासणीचा एक हातही पुरे. कोणता थर आहे ते कळत नसेल, तर मॅटसारखंच वागवावं.

एक गोष्ट मात्र मला अजून सवय करून घ्यावी लागते आहे. संडासात टॉयलेट क्लीनर टाकलं की त्याच्या वाफा बंद बाथरूममध्ये नळांवरही बसतात. म्हणून आता खिडकी उघडी ठेवते, आणि काम झालं की न शिंपडलेले नळही साध्या पाण्याने धुऊन पुसते. ब्लीच त्याच वेळी कधीच नाही, दोन्ही मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो.

जुना नळ कारागिराने परत दिला होता. तो मागच्या अंगणात बादली भरायला लावला आहे. त्याची मान आता पूर्ण पिवळी झाली आहे.