सॅटिनच्या ब्लाउजवर मोगऱ्याच्या कळ्या भरताना

भाचीच्या लग्नासाठी बाटलीहिरव्या सॅटिनचा ब्लाउज शिवायचा होता. कापड बेळगावच्या खडे बाजारातून आणलं. दोन्ही बाह्यांवर पांढऱ्या दोऱ्याने मोगऱ्याच्या सात-सात कळ्या भरायच्या, असं मी बोलून बसले. आकार एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेजारी-शेजारी टाके घालून भरायचा तो सॅटिन टाका सुती कापडावर मी कितीतरी वर्षं घालते, त्यामुळे एका आठवड्यात होईल असं वाटलं.

पहिली कळी रिंगमध्ये छान दिसली. रिंग काढली आणि कळीभोवतीचं कापड चुणलं. कडाही करवतीच्या दातांसारखी झाली होती. शहापूरच्या आमच्या शेजारच्या काकूंनी ती हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाल्या, "अगं, मागे मलमलच नाही की! टाका बसणार कशावर?"

खालचं काम त्यांनी मला पहिल्यापासून करायला लावलं. आधी मलमल धुऊन, वाळवून, इस्त्री केली. ती सॅटिनच्या मागे लावताना दोन्हींचे उभे धागे एकाच दिशेला ठेवले आणि चारी बाजूंनी धावदोऱ्याने टाचली. रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी घट्ट गुंडाळली, म्हणजे सॅटिन सरकत नाही आणि त्यावर कड्याचा वळही उठत नाही. कापड ताणायचं ते फक्त उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने. पहिल्या वेळी मी कोपऱ्यांना धरून ओढलं होतं. तिरकं ओढलेलं सॅटिन रिंगमध्ये गुळगुळीत दिसतं, पण सोडल्यावर मूळ जागी परत येतं आणि टाक्यांना आवळून चुणतं. चुण्या तिथूनच आल्या होत्या.

माझी कळी साधारण २ सेंटीमीटर लांब आणि मधे ८ मिलिमीटर रुंद होती. याहून फार रुंद आकार एका टाक्यात भरू नये, लांब टाका बांगडीत अडकतो आणि लोंबतो. लच्छीचा एक पदर दहा नंबरच्या सुईत घेऊन मी कळीच्या रेषेवर बारीक टाके घातले. प्रत्येक नवा टाका आधीच्या टाक्याचा दोरा मधोमध चिरून वर येईल असे. ही कडेची मेंड. वरचा टाका तिच्यावरून जाऊन बाहेर उतरतो, त्यामुळे कापडाची वीण जरा इकडेतिकडे असली तरी कड एका ओळीत राहते.

मग भराव. इथेच माझी खरी चूक होती. वरचा टाका आडवा असताना मी भरावही आडवाच घातला होता, आणि वरचे दोरे खालच्या फटींत बुडाले होते. भराव उभाच हवा. दोन पदर घेऊन कळीच्या मधे आधी थोडेसे उभे टाके घातले, मग त्यावर दुसरा थर घातला, मेंडीच्या आतपर्यंत. मेंडीवर मात्र चढवायचा नाही. दोरा पुढच्या बाजूला जास्त राहावा म्हणून मागून सुईने अगदी थोडंसंच कापड उचललं. कळी मधे फुगीर आणि कडेला उतरती झाली. बोट फिरवून पाहिलं, की उंचवटा कुठे अडतो ते डोळ्यांआधी बोटाला कळतं.

वरचा टाका एकपदरी, साधारण वीतभर-दीड वीत दोरा घेऊन घातला. लांब दोरा सॅटिनमधून पुन्हा पुन्हा ओढला की त्याची चमक जाते. सुरुवात टोकापासून केली नाही. कळीच्या सर्वांत रुंद भागात पहिला टाका किंचित तिरका घातला, म्हणजे कल ठरला. एका टोकापर्यंत गेले, मग मागून दोरा भरावाखालून मध्यावर आणला आणि दुसरं टोक भरलं. दर वेळी सुई एकाच कडेने वर काढली आणि समोरच्या कडेला खाली घातली. खाली घालताना ती आकाराच्या आत जरा कलती ठेवली, मग दोरा मेंडीला चिकटून वळतो. टोकाला टाक्यांची गर्दी होते, तिथे एखादा टाका शेजारच्याखाली लपवून आखूड केला.

उसवायची वेळ डाव्या बाहीच्या तिसऱ्या कळीवर आली. दोरा उलटा ओढून काढायचा नाही; पुढून बारीक कात्रीने कापायचा आणि तुकडे चिमट्याने वेचायचे. सॅटिनला भोकं राहतात. नखाने दोन्ही धाग्यांच्या दिशेने हळूच घासल्यावर बरीचशी मिटली. दोन मिटली नाहीत, म्हणून त्या कळीचं देठ मी जरा जाड केलं.

रिंग रोज रात्री सोडली. शेवटी जाड टॉवेलवर बाह्या पालथ्या ठेवून मागून हलकी इस्त्री केली. पुढून केली असती तर भराव चपटा झाला असता. बाहीचा आकार कापडावर आधीच आखला होता, पण कातरी मात्र चौदाही कळ्या झाल्यावरच लावली. भरताना कापड थोडं आत ओढलं जातं, म्हणून कापण्याआधी कागदाचा नमुना पुन्हा ठेवून पाहिला. उजव्या बाहीची आखणी दोन मिलिमीटर सरकवावी लागली.