आमची वाटचाल: निबेचा आकडा आणि वहीचा कागद

आबांनी १९८४ साली सांगलीत गणपती पेठेत पेनदुरुस्तीची टपरी टाकली. शाईचे पेन घ्यायला कोणी आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "वही आणलीय का?" गिऱ्हाइकाने पिशवीतून वही काढायची, आबांनी पेन शाईत बुडवून द्यायचे आणि त्याने आपल्याच वहीत चार ओळी लिहून बघायच्या. वही नसेल तर ते शक्यतो पेन विकत नसत. मला तेव्हा वाटायचे की हातचे गिऱ्हाईक उगाच परत जाते. तो प्रश्न का विचारायचा असतो, हे मला २०१९ च्या पुरानंतर कळले.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या तळघरात शिरले आणि वह्यांचा सगळा साठा गेला. पेने बहुतेक वाचली. दिवाळीनंतर वह्यांचा नवा माल आला. वजन तेच ६० जीएसएम, पांढरेपणाही तोच. पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. "तुमच्या पेनाची शाई फुटते." पेने जुनी, शाई जुनी, बदलली होती फक्त वही, पण लोक पेन परत आणत होते.

मी पुरातून वाचलेली एक जुनी वही आणि नवी वही शेजारी ठेवली. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडला. जुन्या पानावर थेंब मण्यासारखा उभा राहिला, नव्या पानावर बघता बघता पसरला. कागद तयार करताना त्याला स्टार्चसारखी खळ देतात. कारखान्यात त्याला साईझिंग म्हणतात. ती खळ कमी पडली की शाई तंतूंच्या वाटेने आडवी धावते. अक्षराच्या कडेला केस फुटतात आणि पानामागे ठिपके उमटतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. खळीबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. १०० जीएसएमचा जाड कागदही शाई पिऊ शकतो आणि पातळ कागदही ती नीट धरू शकतो.

मग मी सोनाराचे भिंग आणि बारीक मोजपट्टी घेतली. आमच्या मीडियम निबेची रेघ जुन्या वहीवर जेमतेम ०.७ मिलिमीटर आली. नव्या वहीवर तीच निब, तीच शाई, आणि रेघ एक मिलिमीटरला टेकली. रोमन अक्षरांना हे एकवेळ चालून जाते. आपल्या लिपीत वर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार, आणि हे सगळे दोन ओळींमधल्या साधारण आठ मिलिमीटर जागेत बसवायचे असते. रेघ एक मिलिमीटरची झाली की ष आणि क्ष यांची पोकळी भरून जाते, ध आणि घ यांतला फरक पुसट होतो. त्याच वहीवर फाइन निबेची रेघ फुटूनही ०.७ च्या आसपास राहिली आणि अक्षर मोकळे दिसले.

म्हणून आता पेनाच्या माहितीत आम्ही नुसते फाइन, मीडियम असे लिहून थांबत नाही. ही नावे सगळीकडे सारखी नसतात. जपानी फाइन निब युरोपीय फाइनपेक्षा साधारण एक पायरी बारीक लिहिते, त्यामुळे नावावरून मागवले तर चुकते. आम्ही प्रत्येक निबेची रेघ दोन कागदांवर मोजतो, एक शाई धरणारा आणि एक शाई पिणारा. दोन्ही आकडे लिहितो, शाई कोणती वापरली तेही लिहितो. ओली, सढळ वाहणारी शाई असेल तर चांगल्या कागदावरही रेघ जाड येते.

शाई भरण्याच्या पद्धतीबद्दल लिहायला मी एका शिक्षकांच्या फोनमुळे शिकलो. त्यांनी आमच्याकडून ड्रॉपरने भरायचे, एबोनाइट म्हणजे कडक रबराचे पेन नेले होते. या पेनात आत वेगळी नळी नसते, सगळा दांडाच शाईची टाकी असतो. सांगलीत महिनाभर उत्तम चालले. शाळेची सहल घेऊन ते पाचगणीला गेले, वर पोहोचल्यावर टोपण उघडले तर आत शाईच शाई. "पेन गळकं निघालं, साहेब," ते म्हणाले. पेन परत मागवले. आटे आणि निबेखालची, शाई पुढे आणणारी जीभ तपासली, सगळे घट्ट होते. दोन दिवस दुकानात उलटे ठेवले, एक थेंब गळला नाही.

मग मी त्यांना विचारले, "सर, निघताना शाई किती होती?" जेमतेम तिसरा हिस्सा, असे उत्तर आले. तिथेच उलगडा झाला. त्या पेनात तीन मिलिलिटर शाई मावते. एक मिलिलिटर शाई उरली, म्हणजे दोन मिलिलिटर हवा आत होती. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, पाचगणी तेराशेच्या आसपास. तेवढे वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि आतली हवा अंदाजे नऊ टक्के फुगते. दोन मिलिलिटरचे नऊ टक्के म्हणजे ०.१८ मिलिलिटर, तीन-चार थेंब. जिभेच्या खाचा एखादा थेंब सांभाळतात, उरलेली शाई टोपणात जाते. पेन काठोकाठ भरलेले असते तर आतली हवा इतकी थोडी राहिली असती की अर्धा थेंबही बाहेर आला नसता. उन्हाळ्यात शर्टाच्या खिशातले, अंगाच्या उबेला लागलेले अर्धे रिकामे पेनही आतली हवा फुगल्यानेच शाई ओकते.

कन्व्हर्टर म्हणजे पेनात बसवायची, शाई ओढून घेणारी छोटी नळी. अशा पेनात शाई पाऊण मिलिलिटरच्या आसपास मावते, म्हणून हवाही थोडीच फुगते. पण दिवसाला आठ-दहा पाने लिहिणाऱ्याला ते सारखे भरावे लागते. त्या शिक्षकांना मी कन्व्हर्टरचे पेन देऊ केले. त्यांनी आपलेच पेन परत मागितले आणि घाट चढण्याआधी ते भरून घेऊ लागले. मला ते योग्य वाटले, कारण एबोनाइटची पकड त्यांच्या हातात बसली होती.

जेल पेनाच्या माहितीत एकच गोष्ट आम्ही ठळक करतो. ०.५ हा आकडा टोकातल्या गोळीचा व्यास आहे, रेघेची जाडी नव्हे. रेघ त्याहून बारीक येते. जेल घट्ट असल्याने शाई पिणाऱ्या कागदावर ते क्वचितच फुटते, म्हणून कागद कसा मिळेल हे माहीत नसेल तर मी विद्यार्थ्याला जेल पेनच सुचवतो. चकचकीत कागदावर मात्र ते उशिरा वाळते आणि डावखुऱ्यांच्या तळहाताने पुसले जाते.

आता आमच्या एका पेनाची माहिती अशी असते:

"एबोनाइट, फाइन निब. शाई धरणाऱ्या कागदावर रेघ ०.५, साध्या शालेय वहीवर ०.७ मिलिमीटर. चाचणी निळ्या धुता येणाऱ्या शाईने. ड्रॉपरने भरायचे, तीन मिलिलिटर. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावलेले आहे, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावा. शाई तिसऱ्या हिश्शाखाली आली की भरा, घाट चढण्याआधी नक्की भरा. मागच्या बाजूला लिहायचे असेल तर पातळ वहीवर आधी पाण्याचा थेंब टाकून बघा."

खाली एक ओळ आणखी असते, आपल्या वहीचे एक कोरे पान पाकिटात घालून आम्हाला पाठवा. तासगाव, विटा, जत, कुठून कुठून पाने येतात. ज्या पेनाबद्दल विचारले असेल त्यानेच त्यावर चार ओळी लिहून आम्ही पान परत पाठवतो. क्ष, ष, ध, घ हे त्यात असतातच.