आईच्या साठीची कविता

रविवार, रात्री उशिरा

आज आईची साठीशांत झाली. सकाळी गुरुजींनी उग्ररथ शांतीचे विधी केले, होम झाला, मग आम्ही दोघी बहिणी आणि वहिनी अशा तिघींनी मिळून तिला कणकेच्या साठ दिव्यांनी ओवाळलं. त्यानंतर पानं मांडायच्या आधी मी कविता वाचली. जेवणानंतर वाचायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. श्रीखंड-पुरी झाल्यावर गच्चीतल्या मांडवात कोण जागं राहणार?

या कवितेबद्दल नीट लिहून ठेवायचं आहे, कारण महिनाभर तीच डोक्यात होती.

आई कराडला घरीच ब्लाउज शिवते. आमच्या लहानपणी गल्लीतल्या बहुतेक बायकांची मापं तिच्या एका लांबड्या वहीत होती, आणि ती वही अजून मशीनच्या खणात आहे. वाढदिवसाची कविता लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा हे कडवं उतरलं:

शिवायची आई
रात्रंदिन किती
डोळ्यांची ती ज्योती
झिजवली

छंदात चोख बसलं होतं. सहा, सहा, सहा, चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. पण पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की ही कुणाचीही आई आहे. समोरच्या घरातल्या काकूंच्या साठीला वाचलं असतं तरी एक शब्द बदलावा लागला नसता. मग मी हीच कसोटी धरली: ज्या ओळीत आईच्या जागी दुसरी कुठलीही आई बसते, ती ओळ जाऊ द्यायची. त्या कसोटीला मायेचा सागर गेला, त्यागाची मूर्ती गेली, समई, सावली, चंदन, सगळं गेलं. 'कष्ट' हा शब्दही काढला. चारचौघांत कुणी तिचे कष्ट मोजायला लागलं की आई खाली मान घालून पदराची किनार चाचपते. ती साठ वर्षांची होताना तिला मान खाली घालायला लावणारी कविता मला वाचायची नव्हती.

मग उरतं काय? उरतं ते तिने केलेलं काम, तिच्या तोंडची वाक्यं आणि तिच्या वस्तू. मी खणातून वही काढली आणि दुपारभर नुसती वाचत बसले. 'बाही ९॥, मागचा गळा ७, मुंढा सैल' अशा नोंदी, मध्येच पेन्सिलीने 'अस्तर स्वतः आणणार', आणि एका पानावर 'गौरीच्या आधी हवा'. यातल्या कितीतरी बायका गाव सोडून गेल्या, काही आता नाहीत. पण आईने एकही नाव खोडलेलं नाही. पहिलं कडवं तिथेच मिळालं. 'रात्रंदिन किती'च्या जागी ती माप घेताना खरंच जशी दिसते तसं लिहिलं: ओठांत पिना धरलेल्या, त्यामुळे बोलता येत नाही, आणि आकडे डोक्यात.

अभंगाचा हा छंद मी मुद्दाम घेतला. आमच्याकडे आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची, त्यामुळे ही चाल घरातल्या सगळ्यांच्या कानात आहे. मांडवात बसलेल्या साठ-सत्तर माणसांना कागद हातात नसताना कविता समजायला हवी असेल तर ओळखीची चाल फार मदत करते. चौथा चरण चार अक्षरांचा असल्यामुळे तिथे आपोआप थांबा येतो आणि ऐकणाऱ्याला मागचं कळायला वेळ मिळतो. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, 'डोक्यात' म्हणजे तीन अक्षरं. अडचण निराळीच असते. आपण बोलताना 'सात' एका झटक्यात म्हणतो, शेवटचा 'अ' गिळतो. तसंच वाचलं तर सहा अक्षरांचा चरण पाचाचा ऐकू येतो आणि लय लंगडते. हरिपाठात तो 'त' पुरता उच्चारतात. मी घरी मोठ्याने वाचून पाहिलं तेव्हा हे कळलं, आणि मग अशा शब्दांपाशी जरा रेंगाळून म्हणायची सवय केली.

आणखी एक गोष्ट जपावी लागते. अक्षरं कमी पडली की हात लगेच 'गं', 'ती', 'ही' भरायला जातो. एखादा भरीचा शब्द चालतो, पण एका कडव्यात दोन दिसले की समजायचं, सांगण्यासारखं काही नाही आणि आपण जागा भरतोय. अशी दोन कडवी मी पूर्ण काढून टाकली.

आज वाचली ती कविता अशी:

मापाची ही वही
कोपरे झिजले
नाव ना खोडले
एकीचेही

बाही साडेनऊ
गळा मागे सात
हिशेब डोक्यात
ओठी पिना

दिवाळी दाराशी
गल्लीचे शिवले
आमचे राहिले
काजाविना

वाकडी ही टीप
उसव म्हणाली
मग शिकवली
हातोहात

सगळ्यांची मापे
लिहिली वहीत
स्वतःची माहीत
कुणा नाही

साठ झाली, आई
हलू नको आता
टेप माझ्या हाता
उभी राहा

पहिली पाच कडवी 'तू' न म्हणता लिहिली, कारण तिथे मी मांडवातल्या लोकांना आईबद्दल सांगतेय. शेवटच्या कडव्यात तिच्याकडे वळायचं. आणि वळायचं ते तिच्याच वाक्याने. 'हलू नको' हे ती माप घेताना प्रत्येक बाईला म्हणते, शेजारच्या काकूंनाही आणि लग्नाच्या नवरीलाही. मांडवातल्या निम्म्या बायकांनी ते स्वतः ऐकलेलं आहे. कवितेत गहिवर आणायचा असेल तर तो अशा वाक्यातून यावा, आपण 'गहिवरून आलं' असं सांगायची गरज राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीचं कडवं मधोमध ठेवलं त्यालाही कारण होतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत आमचे फ्रॉक काजाबटणांवाचून मशीनवर पडलेले असायचे, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. तिथे हसू येणार हे ठाऊक होतं. सलग सहा कडवी हळवं राहिलं की लोक अवघडतात, आई सगळ्यात आधी. मध्ये एकदा मोकळेपणी हसून झालं की पुढचं 'कुणा नाही' शांतपणे ऐकलं जातं. आणि तसंच झालं. 'काजाविना'ला मामा एवढ्या मोठ्याने हसले की मला थांबावं लागलं, आणि 'स्वतःची माहीत'ला मागे चाललेला वाढप्यांचा ताटांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

कागद मी मोठ्या अक्षरांत छापून घेतला होता, एका पानावर दोनच कडवी. हात थोडे थरथरले तरी ओळ हरवत नाही. पूर्ण वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. एवढंच हवं होतं.

'उभी राहा' म्हणून मी थांबले, तर आई खरंच उठली आणि म्हणाली, "अगं, पण टेप कुठाय?" मांडवभर हशा. भाची पळत खाली गेली आणि मशीनच्या खणातून टेप आणि वही दोन्ही घेऊन आली. मग सगळ्यांसमोर मी आईचं माप घेतलं. शोल्डर साडेचौदा, बाही दहा. टेप खांद्यावर कुठे धरायची ते ती मलाच सांगत होती, "हाडावर धर, खाली घसरवू नको." वहिनीने वहीत नवीन पान काढून वर 'आई' लिहिलं आणि आकडे टिपले. आईने वही हातात घेतली, वाचली आणि म्हणाली, "मुंढा राहिला की." तो पण घेतला. इतक्या वर्षांत ती स्वतःचा ब्लाउज जुन्यावरून अंदाजाने बेतत आली आहे.

एक कडवं मी लिहिलं होतं पण वाचलं नाही. ते इथे लिहून ठेवते:

पाटली मोडली
मशीन आणली
कुणा ना कळली
किती वर्षे

कवितेतलं सगळ्यात चांगलं कडवं कदाचित हेच होतं. पण ती पाटली आजीने लग्नात आईच्या हातात घातलेली. समोर पहिल्या रांगेत दोन्ही आत्या बसलेल्या, आणि त्यांच्या आईची वस्तू मोडल्याची गोष्ट मी माइकवरून सांगणार, हे बरं दिसलं नसतं. शिवाय ती गोष्ट आईची आहे. कधी सांगायची, कुणाला सांगायची, हे तिने ठरवायचं. एखादी ओळ कितीही चांगली असली तरी जिच्यासाठी लिहिली तिला सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागत असतील तर ती घरातच ठेवावी.

रात्री पाहुणे गेल्यावर, आई आणि मी भांडी आवरत असताना, मी ते कडवं तिला म्हणून दाखवलं. तिने हात पुसले, पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "बरं केलंस वाचलं नाहीस ते. पण ते खोटं आहे. कळली कशी नाही? मोठ्या आत्या माझ्याबरोबर सराफाकडे आल्या होत्या. त्यांनीच तर भाव करून दिला. मी एकटी गेले असते तर त्याने घट जास्त धरली असती."

हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आत्यांनीसुद्धा आजीला अखेरपर्यंत सांगितलं नाही, असं आई म्हणाली. मग बराच वेळ ती त्या दिवसाबद्दल बोलत राहिली. परत येताना दोघींनी स्टँडवर उसाचा रस प्यायला होता, मशीन हातगाडीवरून घरी आली, आणि आत्यांनी पहिला ब्लाउज स्वतःचाच शिवायला दिला. तो मागे घट्ट झाला होता, तरी त्यांनी हौसेने घातला.

झोपायच्या आधी कडवं बदललं:

पाटली मोडली
मशीन आणली
सोबतीला गेली
नणंदच

आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे चालेल, पण आधी त्यांना विचार." आत्या उद्या दुपारपर्यंत इथेच आहेत. सकाळी चहाच्या वेळी विचारते.