सहा नंबर नसला की आमचा बॉल कुठून जातो? पासिंग नेटवर्कचा माझा अनुभव

आमच्या फुटबॉल टीमचे सर एक वाक्य नेहमी म्हणायचे, "सहा नंबर नसेल तर आपलं काही खरं नाही." सहा नंबर म्हणजे आमचा होल्डिंग मिडफिल्डर, देवळाली कॅम्पकडचा बारावीतला मुलगा. मी पूर्वी याच टीमकडून लेफ्ट बॅक खेळायचो. आता अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि रविवारी टीमसोबत असतो. सरांचं वाक्य मला पटत होतं, पण आठ नंबरसुद्धा जवळजवळ तितकाच बॉलवर असायचा. मग सहाबद्दलच असं का वाटतं? कोण कोणाला किती पास देतो याचं जाळं, म्हणजे पासिंग नेटवर्क, काढून हे मोजून बघायचं मी ठरवलं. गेल्या पावसाळ्यानंतर सुरुवात केली आणि तीन सामन्यांचं काम संपायला अडीच महिने लागले.

सामना मोबाइलवर काढला. ट्रायपॉड मैदानाच्या मधल्या रेषेसमोर, पायऱ्यांच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर लावला, कारण खालून शूट केलं तर पलीकडच्या बाजूचे शर्टनंबर दिसत नाहीत. मग रात्री घरी बसून प्रत्येक पास एक्सेलमध्ये टाकला. मिनिट, कोणी दिला, कोणाला दिला, पोचला की नाही, एवढे चारच रकाने. एका तासाच्या खेळाला मला चार-साडेचार तास लागायचे. पोचला नाही तो पासही लिहायचा हे मी केवळ सवयीने ठरवलं होतं. तो रकाना पुढे किती कामाला येईल याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिली अडचण बदली खेळाडूंची. साठाव्या मिनिटाला एक जण बाहेर गेला की नेटवर्कमध्ये बारा बिंदू होतात, आणि उशिरा आलेल्याचे पास साहजिकच कमी दिसतात. त्यामुळे पहिली बदली होईपर्यंतचाच खेळ धरला. आमच्या पहिल्या सामन्यात ते नेमके साठ मिनिटं होते आणि त्यात पोचलेले पास २३१. थ्रो-इन धरले, पण कोणाच्या तरी पायाला लागून आपल्याच माणसाकडे गेलेला बॉल धरला नाही. पास म्हणजे देणाऱ्याने ठरवून दिलेला, हा नियम शेवटपर्यंत एकच ठेवला.

आता नेटवर्क. प्रत्येक खेळाडू एक बिंदू, आणि चार नंबरच्या स्टॉपरकडून सहाकडे १८ पास गेले असतील तर चारपासून सहाकडे एक बाण, त्याचं वजन १८. दिलेले आणि मिळालेले पास एकत्र मोजले तर सहाचे ७४ झाले, आठचे ६९. पेजरँक काढला तरी दोघं शेजारी शेजारीच. ते समजण्यासारखं आहे. बॉल या बाणांवरून वजनाप्रमाणे भटकत राहिला तर तो कोणाकडे जास्त वेळ सापडेल, एवढंच पेजरँक सांगतो. तो माणूस नसता तर बॉल दुसऱ्या वाटेने गेला असता का, हे तो विचारत नाही. सरांचं वाक्य तर नेमकं त्याच प्रश्नाचं होतं.

त्या प्रश्नासाठीचं माप म्हणजे बिटवीननेस. समाजशास्त्रज्ञ लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये ते मांडलं, माणसांच्या गटात निरोप कोणाच्या हातून जातात हे बघण्यासाठी. अकरा खेळाडूंतला एक बाजूला ठेवला की दहा उरतात. त्यांच्यात 'याच्याकडून त्याच्याकडे' अशा ९० जोड्या होतात. प्रत्येक जोडीमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचा आणि त्यातले किती रस्ते बाजूला ठेवलेल्या माणसातून जातात ते मोजायचं. ४५ गेले तर बिटवीननेस ०.५.

मी पायथनच्या NetworkX लायब्ररीमध्ये पासांची संख्या `weight` म्हणून दिली आणि बिटवीननेस काढला. सहा नंबर सगळ्यात खाली आला, शून्याच्या जवळ. वर आला तो गोलकीपर. दोन दिवस मी डेटा पुन्हा पुन्हा तपासत होतो, शर्टनंबर चुकीचा वाचला की काय म्हणून. चूक डेटात नव्हती. बिटवीननेस काढताना ही लायब्ररी वजनाला अंतर समजते. चार ते सहा १८ पास, सहा ते दहा १२ पास, आणि चारकडून थेट दहाकडे फक्त २. आकडे तसेच दिले तर सहामधून जाणारा रस्ता ३० लांबीचा होतो आणि थेट रस्ता २ लांबीचा. म्हणजे जिथून बॉल रोज जातो ती वाट सगळ्यात लांबची ठरते, आणि जिथून चुकून दोनदा गेला ती जवळची. हवं ते नेमकं उलट आहे. जास्त पास म्हणजे जवळचं अंतर, म्हणून अंतर हे पासांच्या व्यस्तात घ्यावं लागतं:

```python
for u, v, d in G.edges(data=True):
    d["dist"] = 1 / d["weight"]
bc = nx.betweenness_centrality(G, weight="dist")
```

आता सहामधला रस्ता १/१८ + १/१२, म्हणजे सुमारे ०.१४, आणि थेट रस्ता ०.५. बॉल जसा खरोखर जातो तसंच गणित बोलायला लागलं. हे काम कोणी करणार असेल तर माझं एकच सांगणं आहे: ज्याला तुम्ही मैदानावर रोज बघता तो मिडफिल्डर यादीच्या तळाला आला तर आधी वजनाची दिशा तपासा.

दुरुस्तीनंतर सहाचा बिटवीननेस ०.४६ आला, म्हणजे ९० पैकी ४१ जोड्या त्याच्यातून. आठचा ०.१०, फक्त ९ जोड्या. पास जवळजवळ सारखे आणि फरक एवढा मोठा! मी आठचे पास उलगडून बघितले. ६९ पैकी ४१ पास लेफ्ट बॅक आणि लेफ्ट विंगर या दोघांशीच होते. हे तिघं डाव्या बाजूला त्रिकोणात खेळतात, आणि त्रिकोणात आठ नसला तरी उरलेल्या दोघांना एकमेकांकडे थेट वाट आहे. सहाचे पास मात्र दोन्ही स्टॉपर, राइट बॅक, आठ, दहा आणि राइट विंगर अशा सहा जणांत वाटलेले होते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना एकमेकांकडे वाटच नव्हती. चार ते दहा हेच बघा. सहाला काढला तर ०.१४ चा रस्ता ०.५ होतो, साडेतीन पटींहून लांब. दुसऱ्या कोणाकडून वळवून बघितलं तरी त्याहून जवळचा रस्ता निघत नव्हता.

इथेच थांबून सरांना आकडा दाखवायचा मोह होता. पण बिटवीननेस फक्त सगळ्यात जवळचा रस्ता बघतो, दुसऱ्या क्रमांकाचा किती मागे होता हे बघत नाही. एखाददुसरा पास इकडचा तिकडे झाला की आकडा उडी मारतो. म्हणून २३१ पासांच्या यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखे २३१ पास उचलले, प्रत्येक चिठ्ठी परत टाकून, आणि असं हजार वेळा करून दर वेळी बिटवीननेस काढला. मधल्या नव्वद टक्के वेळा सहा ०.२९ ते ०.५८ मध्ये राहिला, आठ ०.०२ ते ०.२४ मध्ये. पट्टे रुंद आहेत, पण एकमेकांवर चढत नाहीत. म्हणून '०.४६' हा आकडा मी कोणाला सांगत नाही, 'सहा आठपेक्षा नक्की वर' एवढंच सांगतो.

दुसऱ्या सामन्यात सहा नव्हता, त्याची परीक्षा होती. आता सरांचं वाक्य थेट तपासता येणार होतं. पहिल्या साठ मिनिटांत १४८ पास पोचले. बिटवीननेस आता सगळ्यांत बराच वाटला गेला होता, एकट्यादुकट्यावर भार नव्हता. मला आधी वाटलं, हे तर चांगलं झालं. इंग्लिश प्रीमियर लीगच्या ७६० सामन्यांवर थॉमस ग्रुंड यांचा २०१२ चा अभ्यास आहे. त्यात पास एकवटलेल्या संघांचे गोल कमी होते हे मी वाचलं होतं. पण त्याच अभ्यासात जास्त पास करणाऱ्या संघांचे गोल जास्त आहेत, आणि आमचे पास तर एक तृतीयांशाहून जास्त घटले होते. भार वाटला गेला होता तो वाटा वाढल्या म्हणून नाही, मोठी वाट बंद पडली म्हणून.

तेव्हा तो 'पोचला नाही' रकाना उघडला. पहिल्या सामन्यात चार नंबरने थेट स्ट्रायकरकडे ११ लांब बॉल मारले होते, त्यातले ३ पोचले. दुसऱ्यात २७ मारले, ६ पोचले. नेटवर्कच्या चित्रात फक्त ते ६ दिसतात, उरलेले २१ दिसतच नाहीत. आमचं परावलंबित्व त्या २१ मध्ये होतं. सहा समोर नसला की चारला जवळ देण्यासारखं कोणी दिसत नव्हतं आणि तो बॉल उडवत होता. समोरची टीम वेगळी होती, तिने दाबही जास्त टाकला, त्यामुळे सगळा फरक सहाच्या गैरहजेरीचा असं मी म्हणणार नाही. पण चारच्या पायात बॉल आल्यावरचं चित्र व्हिडिओत दर वेळी तेच होतं.

या अपुरेपणावरचा एक चांगला उपाय डुक, वेट्झमन आणि अमराल यांनी २०१० मध्ये दाखवला होता. २००८ च्या युरो स्पर्धेच्या नेटवर्कमध्ये त्यांनी खेळाडूंच्या जोडीला 'शॉट' हाही बिंदू घेतला आणि शॉटपर्यंत पोचणाऱ्या वाटांमध्ये कोण किती वेळा येतो ते मोजलं. त्यात स्पेनचा मिडफिल्डर झावी सगळ्यात वर आला. आमचे शॉट सामन्याला सात-आठ, तेवढ्यावर हे माप टिकत नाही, म्हणून मी ते केलं नाही.

सरांना मी चित्र दाखवलं तेव्हा ते बराच वेळ चार आणि आठच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होते. "अरे, हे दोघं तर शेजारी उभे असतात," ते म्हणाले. साठ मिनिटांत चारने आठला फक्त ३ पास दिले होते. पुढचे तीन आठवडे सरावात नियम केला, स्टॉपरने सहाला थेट द्यायचं नाही, आणि आठने खाली उतरून बॉल मागायचा.

तिसऱ्या सामन्यात सहा परत आला होता. पास २२६. सहाचा बिटवीननेस ०.३३, आठचा ०.२१. सर खूश झाले, पण मला सांगावं लागलं की ०.३३ हा सहाच्या जुन्याच पट्ट्यात बसतो, त्यामुळे अवलंबन कमी झालं असं एका सामन्यावरून म्हणता येणार नाही. चारकडून आठकडे गेलेले पास मात्र ३ चे १४ झाले होते. त्याला कुठलंही माप लागत नाही, व्हिडिओ लावून बोटांवर मोजता येतात. सरांनी ते सगळे १४ मुलांना एकामागोमाग एक दाखवायला सांगितले. पुढच्या रविवारी सहाला मुद्दाम पहिल्या हाफमध्ये बसवायचं ठरलं आहे, आणि यावेळी पोचलेल्या पासांआधी मी चारने उडवलेले बॉल मोजणार आहे.