डेल्फ्टची कबर आणि सँ-दनीचे हृदय

नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात काल्व्हरबॉस नावाची छोटी बाग आहे. तेथील एका कबरीवर ‘येथे सतरावा लुई विश्रांती घेत आहे’ अशा अर्थाचा फ्रेंच लेख कोरलेला मी वाचला. ही कबर कार्ल विल्हेल्म नॉन्डॉर्फ या घड्याळजीची आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा मुलगा, म्हणजेच हा सतरावा लुई, ८ जून १७९५ रोजी पॅरिसच्या तांप्ल तुरुंगात दहाव्या वर्षी वारला. मात्र मेला तो बदली मुलगा आणि खरा राजपुत्र सुटला, अशी वदंता पसरली. तो राजपुत्र आपणच, असे नॉन्डॉर्फ १८४५ साली मरेपर्यंत सांगत राहिला.

त्याचा दावा पोकळ वाटत नव्हता, कारण राजपुत्राला लहानपणी सांभाळणाऱ्या मादाम द रांबो यांनी त्याला ओळखले होते. राजपुत्राच्या बहिणीने मात्र त्याला कधीच भेट दिली नाही. मला रांबोबाईंच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाचा चेहरा चाळिशी पार केलेल्या पुरुषात शोधणाऱ्याला तो सापडण्याची इच्छाच अधिक असते, असे मला वाटते.

१९९८ साली नॉन्डॉर्फच्या हाडातील मायटोकाँड्रियल डीएनए राणीच्या बहिणींच्या केसांतील डीएनएशी ताडून पाहिला गेला. हा डीएनए आईकडूनच मुलांकडे येतो, त्यामुळे तो राणीचा मुलगा असता तर जुळायला हवा होता. तो जुळला नाही. ते हाड त्याचेच कशावरून, हा आक्षेप तरीही उरलाच.

म्हणून मी पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या बॅसिलिकेत गेलो, कारण तेथील स्फटिकपात्रात ठेवलेले वाळलेले हृदय हा याहून वेगळा पुरावा आहे. तुरुंगात वारलेल्या मुलाचे शवविच्छेदन करताना डॉक्टर पेलेताँ यांनी ते गुपचूप काढून मद्यार्कात ठेवले. पुढे त्यांच्या एका विद्यार्थ्याने ते चोरले, नंतर ते परत मिळाले, आणि १८३० च्या क्रांतीत आर्चबिशपचा वाडा लुटला गेला तेव्हा पात्र फुटून ते हरवले, तेही पेलेताँ यांच्या मुलाने शोधून काढले. इतके हात बदललेल्या वस्तूवर विश्वास ठेवायला मी सहज तयार झालो नसतो. परंतु २००० साली त्याचा डीएनए राणीच्या मातृकुळाशी जुळला आणि २००४ साली ते येथे ठेवण्यात आले.

डीएनएवरून मातृकुळ कळते, व्यक्ती नव्हे. त्यामुळे हे हृदय १७८९ साली वारलेल्या थोरल्या भावाचे असू शकेल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, तर हृदय जपण्याच्या रीतीत मिळते. राजघराण्याच्या प्रथेप्रमाणे थोरल्याचे हृदय मसाला भरून जतन केले गेले होते, तर हे केवळ मद्यार्कात राहून वाळलेले आहे. हे पाहता, तुरुंगात वारलेला मुलगाच राजपुत्र होता, असे मी मानतो.