अळणीचं पाणी आणि फ्रिजवरचा कागद

एप्रिलमधल्या एका सोमवारी एक आई आणि तिचा मुलगा माझ्या ओपीडीत आले. मुलगा ३४ वर्षांचा, जिममध्ये कमावलेलं शरीर, पण उजव्या पायात चप्पल नीट जात नव्हती. आईने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. वर शीर्षक होतं ‘यूरिक अॅसिड : काय खाऊ नये’. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट झालेली. खाली २०१६ साल आणि माझी सही.

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तो कागद मी तेव्हा आमच्या विभागासाठी बनवला होता. पाच वर्षांपूर्वी मी तो बदलून नवा दिला, पण जुना कुठल्या तरी टेबलाच्या खणातून अजून वाटला जातोय हे मला त्या दिवशी कळलं.

आधी मुलाबद्दल लिहिते. जानेवारीत पहाटे तीनला त्याचा पायाचा अंगठा सुजून लाल झाला, इतका की चादरीचा स्पर्श सहन होईना. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर यूरिक अॅसिड ६.४, लॅबच्या मर्यादेच्या आत. म्हणून ‘मुरगळला असेल’ म्हणत पट्टी बांधून त्याला घरी पाठवलं. हे मला राग आणणारं आहे, कारण असं वारंवार होतं. गाऊट म्हणजे यूरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणारी सूज, आणि तिचा झटका चालू असताना रक्तातला आकडा खाली आलेला असू शकतो. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं, आणि तेवढं सांगायला अर्धा मिनिट लागतो. मार्चमध्ये दुसरा झटका आला. तो ओसरल्यावर आकडा निघाला ९.१.

पहिल्या झटक्यानंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने घरी फ्रिजवर लावलेला माझा तोच कागद पाळायला घेतला. डाळ, मटकी, राजमा, पालक, मटण, चिकन, सगळं बंद. जिममध्ये लोक म्हणाले पावडरमुळे झालं, म्हणून व्हे प्रोटीनही बंद. अंडीसुद्धा सोडली. तरी दुसरा झटका आलाच. मी नेहमीप्रमाणे सकाळपासून रात्रीपर्यंतचं खाणं लिहून घेतलं, त्यात काही सापडेना. मग विचारलं, पितोस काय? आई सहज म्हणाली, “रोज सकाळी एक मोठा पेला अळणी देते की. जिम करतोय, ताकद नको?”

बाहेरच्यांसाठी सांगते. मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून शिजवलं की तिखट घालण्याआधीचं जे पाणी, ते अळणी. बाळंतिणीला, आजारी माणसाला, पैलवानाला आमच्याकडे तेच देतात. पांढरा रस्साही त्यावरच होतो. कागदावर ‘मटण बंद’ होतं, म्हणून ही माउली रोज पाव किलो मटण कुकरला लावायची, फोडी धाकट्याला द्यायची आणि पाणी थोरल्याला.

“ते काय खाणं नव्हं मॅडम,” मुलगा म्हणाला, “पाणीच की ते.”

यूरिक अॅसिड प्रथिनातून होत नाही. ते होतं प्युरीनपासून, म्हणजे पेशींच्या केंद्रकातल्या द्रव्यापासून. आणि प्युरीन पाण्यात उतरतं. मांस उकळलं की त्यातला बराच भाग रश्श्यात जातो. म्हणजे मुलगा फोडी सोडून नेमकं नको तेच पीत होता. उलट त्याने सोडलेल्या अंड्यात आणि दुधात प्युरीन जवळजवळ नाहीच, आणि व्हे हे दुधाचंच प्रथिन. १०० ग्रॅम चिकनमध्ये साधारण १४० मिलिग्रॅम प्युरीन असतं, कोंबडीच्या कलेजीत त्याच्या दुपटीहून जास्त. वाटीभर वरणात कोरडी डाळ असते जेमतेम २५-३० ग्रॅम, म्हणून त्यातून प्युरीनही थोडंच जातं. अमेरिकेतल्या ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं केलेला अभ्यास २००४ साली आला. त्यात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, डाळी-शेंगा खाणाऱ्यांत वाढला नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांत कमी दिसला. माझा कागद त्याच्यानंतर बारा वर्षांनी छापलेला होता.

दुसरी गोष्ट त्याने बरीच उकरल्यावर सांगितली. डिसेंबरपासून तो रोज १८ तास उपाशी राहून पाच आठवड्यांत सात किलो उतरला होता, आणि शनिवारी बिअर. उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं की शरीरात कीटोन तयार होतात आणि मूत्रपिंडातून बाहेर पडताना ते यूरिक अॅसिडची वाट अडवतात. वडिलांना गाऊट होता, हेही तेव्हाच कळलं. ताटावर खरोखर लक्ष ठेवायला हवं ते अशा माणसाने: झटका येऊन गेलेला, घराण्यात असलेला. ज्यांना यूरिक अॅसिडचे मुतखडे झालेत किंवा ज्यांची मूत्रपिंडं अशक्त आहेत, तेही त्यातच.

आणि मग आई. तिचं वय ६२. सप्टेंबरमध्ये पॅकेज तपासणीत यूरिक अॅसिड ७.३ आलं. सांधा कधी सुजलेला नाही, खडा नाही, मूत्रपिंडाचे आकडे चांगले. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होतं, जे यूरिक अॅसिड थोडं वाढवतंच. पाळी गेल्यावरही ते वाढतं. तिला ना पथ्याची गरज होती ना औषधाची. तिला मिळाला माझा कागद.

आठ महिने तिने वरण, उसळ, पिठलं सोडलं होतं. कागदावर नसतानाही कुणी सांगितलं म्हणून दहीसुद्धा. भात, चपाती, दुधीची भाजी. मी हिशेब केला तर दिवसाला २८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं भरली, तिला हवीत ५० तरी. वजन ५४ वरून ४८. हाताने टेका न देता खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगितलं, तिसऱ्या वेळी ती थांबली. मुठीची ताकद मोजली, १३ किलो. बायकांमध्ये १८ च्या खाली आम्ही स्नायू झिजल्याची शंका घेतो.

मुलाला अळणी, कलेजी आणि बिअर बंद केली. अंडी, दूध, दही, डाळ, पनीर परत दिलं, पावडर हवी तर घे म्हटलं, चिकन आठवड्यातून तीनदा तळहाताएवढं, आणि वजन आठवड्याला अर्ध्या किलोहून जास्त उतरवायचं नाही. तो म्हणाला, मग गोळी नको ना? मला त्याला निराश करावं लागलं. पथ्याने आकडा साधारण एकाने उतरतो, ९.१ चा ८ होईल. स्फटिक विरघळायला तो ६ च्या खाली हवा. मी त्याला फिजिशियनकडे पाठवलं. अॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू झालं, सोबत कोल्चिसिन, कारण स्फटिक सुटू लागले की पहिले काही महिने झटके येऊ शकतात. मे महिन्यात आलाच एक, पण आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्याने गोळी सोडली नाही. जुलैत आकडा ५.७ होता.

आईच्या गोळीबद्दल मी तिच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, त्यांनी ती बदलून लोसार्टन दिली. जुलैत तिचं वजन ५० होतं, मूठ १५. निघताना तिने विचारलं, “मग आठ महिनं मी वरण का सोडलं हुतं?”

मी तिला सांगितलं की तो कागद माझा होता आणि तो चुकीचा होता. ती काही बोलली नाही, कागद परत पिशवीत घालू लागली. मी तो मागून घेतला.

त्यानंतर मी टेबलांचे खण शोधले. दोन गठ्ठे सापडले, फाडले. आता जुनी रजिस्टरं काढून बसते, दुपारी ओपीडी संपल्यावर. ‘यूरिक अॅसिड वाढलेलं, तक्रार नाही’ अशी नोंद असलेली नावं लिहून घेते आणि फोन करते. आतापर्यंत ४१ झाली. नऊ नंबर लागत नाहीत.