पन्नास लाख जमा झाले आणि खातं गोठलं: माझा अनुभव

"मॅडम, सिस्टीममधूनच आलंय, आम्हाला काही दिसत नाही." शाखेत प्रत्येक खिडकीवर हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

२०२४ मध्ये मी नाशिकचा माझा फ्लॅट ६४ लाखांना विकला. खरेदीखताची नोंदणी सुरळीत झाली, पैसेही ठरल्याप्रमाणे आले. शेवटचे ५० लाख आरटीजीएसने सकाळी जमा झाले. त्याच दुपारी नव्या घराच्या बिल्डरला रक्कम पाठवायला गेले, तर व्यवहार नाकारला गेला. खात्यावर डेबिट फ्रीझ, म्हणजे पैसे आत येतील पण बाहेर जाणार नाहीत.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारा: फ्रीझ बँकेने स्वतः लावलाय, की पोलिसांच्या किंवा प्राप्तिकर खात्याच्या पत्रावरून? सायबर तक्रारीवरून लागला असेल तर बँकेत कागद देऊन काही होत नाही. तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव बँकेकडून घेऊन तपास अधिकाऱ्याकडेच जावं लागतं. माझा फ्रीझ बँकेचाच होता.

तो का लागला हे मला शाखेने नाही, आमच्या सोसायटीतल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी सांगितलं. माझं पगाराचं खातं. उघडताना वार्षिक उत्पन्न 'एक ते पाच लाख' लिहिलेलं, ते कधीच बदललं नव्हतं. अशा खात्यात एकदम ५० लाख येतात आणि काही तासांत बाहेर जाऊ लागतात. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फसवणुकीचा पैसा फिरवतात तो अगदी असाच, त्यामुळे यंत्रणा इशारा देते आणि माणसाने तपासेपर्यंत खातं थांबतं. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानुसार बँकेला असे व्यवहार तपासावे लागतात आणि संशय वाटला तर वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावं लागतं. कळवलं की नाही, हे ग्राहकाला सांगायला मनाई आहे. शाखेतल्या मौनाचं एक कारण हेही असतं.

हे सगळं मला मान्य आहे. राग आहे तो पुढच्या प्रकाराचा. "केवायसी अपडेट करा," म्हणाले. आधार, पॅन दिलं. मग "विक्रीचा पुरावा द्या". खरेदीखत आणि नोंदणीचा उतारा, म्हणजे सूची दोन, दिली. मग नुसतंच "रिव्ह्यू चालू आहे". बिल्डरचे फोन येत होते, मुदत जवळ येत होती, आणि नेमकं काय अडलंय हे कुणीच बोलत नव्हतं. निर्णय शाखा घेतच नाही, तो मुख्य कार्यालयातला अनुपालन विभाग, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारा विभाग, घेतो. तिथल्या माणसाला फक्त स्कॅन केलेले कागद दिसतात.

काकांनी खातेउतारा आणि खरेदीखत शेजारी ठेवून बघायला सांगितलं, तेव्हा गाठ सापडली. खतात खरेदीदाराचं नाव, पण ५० लाख पाठवणाऱ्याच्या जागी त्याला गृहकर्ज देणाऱ्या बँकेचं कर्जवाटप खातं. म्हणजे बघणाऱ्याच्या दृष्टीने पैसे तिसऱ्याकडूनच आले. शिवाय खतातली किंमत ६४ लाख आणि खात्यातली बेरीज ६३ लाख ३६ हजार. मधले ६४ हजार हा एक टक्का टीडीएस. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालमत्तेवर खरेदीदार तो कापून भरतो.

मग खरेदीदाराकडून त्याच्या बँकेचं कर्जवाटपाचं पत्र मागून घेतलं. त्यावर रक्कम, माझा खाते क्रमांक आणि यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, होता. टीडीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १६बी, जोडला. वर एका पानाचं पत्र लिहिलं: विसार २ लाख, खरेदीदाराचे स्वतःचे ११ लाख ३६ हजार, कर्जाचे ५० लाख, टीडीएस ६४ हजार, एकूण ६४ लाख. प्रत्येक रकमेपुढे तारीख आणि कोणता कागद पाहायचा ते. बिल्डरबरोबरचा करारही लावला, कारण पैसे कुठे जाणार हाही त्यांचा प्रश्न असतो. ते पत्र पोचलं आणि पाठोपाठ खातं खुलं झालं. त्या एका पानाचा मला आजही अभिमान वाटतो.

कागद देताना पोच घ्याच, आणि तक्रार लेखी करा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो.

खरं तर मोठी रक्कम येण्याआधीच शाखेत खताची प्रत देऊन ठेवावी आणि केवायसीतलं उत्पन्न बदलून घ्यावं. आणि खातं खुलं झाल्यावर उतारा नीट तपासा. माझा त्या काळातला कर्जाचा हप्ता परत गेला होता आणि त्याचा दंड लागला होता. फ्रीझची तारीख दाखवून अर्ज केल्यावर तो माझ्या बँकेने परत दिला.